दाढ काढण्याआधी दिलेली गुंगीची गोळी आणि सोबतचा माणूस

अक्कलदाढ काढायची आहे आणि खुर्चीवर बसल्या बसल्या हातपाय गार पडतात, किंवा एमआरआयच्या बोगद्यात शिरायचं म्हटलं की छाती धडधडते, अशा माणसाला डॉक्टर कधी कधी तासभर आधी एक छोटी गोळी देतात. बहुतेक वेळा ती अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांपैकी एक असते. चिठ्ठीच्या खाली मग एक ओळ असते : सोबत प्रौढ व्यक्ती आवश्यक. गोळी घेणाऱ्याला ही ओळ म्हणजे नुसती औपचारिकता वाटते. 'मी काय लहान आहे का? विश्रामबागेतनं रिक्षा मिळतेच की,' असं म्हणून माणूस एकटाच जातो. ती ओळ का असते हे समजायला गोळी पोटात गेल्यावर काय काय होतं ते आधी पाहावं लागतं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ही गोळी म्हणजे भूल नव्हे. दुखणं थांबवण्याचं काम ती करत नाही. दाढेजवळ टोचायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन गोळी घेतली तरी द्यावंच लागतं, आणि सुई टोचल्याचं कळतंही. गोळी मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवते. गाबाचं काम पेशींना शांत करण्याचं. त्यामुळे भीती ओसरते, अंग सैल पडतं, पापण्या जड होतात, जीभ थोडी जड होते. हाक मारली की तुम्ही डोळे उघडता, 'तोंड मोठं करा' म्हटलं की करता. ठरलेली अवस्था इतकीच आहे. हाक मारूनही माणूस जागा होत नसेल तर गोळी ठरल्यापेक्षा जास्त लागू पडली असं समजायचं, आणि ते डॉक्टरांना तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

या शांततेबरोबर आणखी दोन गोष्टी होतात, आणि सोबतीचं सगळं प्रकरण त्यांच्यापाशी येऊन थांबतं. एक म्हणजे नव्या गोष्टी लक्षात राहण्याची यंत्रणा काही तास मंद पडते. माणूस बोलतो, हसतो, मान डोलवतो, विचारलेल्याला बरोबर उत्तर देतो, पण ते बोलणं आत कुठे नोंदलं जात नाही. दुसऱ्या दिवशी विचारावं तर 'डॉक्टर काही बोलले का मला?' दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. स्वतःचा अंदाज घेण्याची शक्ती आधी जाते आणि उशिरा परत येते. गुंगीतल्या माणसाला आपण गुंगीत आहोत हेच नीट जाणवत नाही. दारू प्यायलेला 'मला काय झालंय, मी चालवतो गाडी' म्हणतो, त्याच जातीचं हे. फरक इतकाच की इथे तोंडाला वास येत नाही, पाय फारसे लटपटत नाहीत, त्यामुळे समोरचाही फसतो.

आता एक उदाहरण घड्याळ लावून पाहू. तासगावजवळच्या गावातल्या चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई आहेत असं समजा. खालची डावी अक्कलदाढ आडवी आहे, सांगलीत ती काढायची आहे. ब्लडप्रेशर नाही, दमा नाही, दुसरं कुठलं औषध चालू नाही. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी सांगितली आहे.

सव्वानऊला त्या दवाखान्यात पोचल्या. आधी ब्लडप्रेशर पाहिलं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, आणि संमतीपत्रावर सही घेतली. क्रम असाच हवा. गोळी पोटात गेल्यावर घेतलेली सही शुद्धीवरची म्हणता येत नाही. म्हणून कागद पुढे करायच्या आत कुणी गोळी हातात ठेवली तर 'आधी सही करते' असं सांगायला हरकत नाही. साडेनऊला गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली. पंधरावीस मिनिटं काहीच वाटलं नाही. दहाच्या सुमारास जांभया सुरू झाल्या, साडेदहाला खुर्चीवर पडल्या तेव्हा डोळे अर्धे मिटलेले. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण एक ते दोन तासांनी सर्वांत जास्त होतं. म्हणजे जोर साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान. सव्वाअकराला दाढ निघाली, टाका पडला, तोंडात गॉजचा बोळा दिला.

सगळ्यात जास्त घोटाळा त्या पहिल्या पंधरावीस मिनिटांत होतो. काही वाटत नाही म्हणून माणूस पर्समधली दुसरी गोळी घेतो, किंवा घरच्यांचाच आग्रह होतो : 'अजून एक घे, तिला कुठं काय होतंय.' पहिली गोळी कमी पडलेली नसते, ती अजून रक्तात पोचायची असते. वरून भरपेट, तेलकट नाश्ता झालेला असेल तर पोट सावकाश रिकामं होतं आणि गोळी आणखी उशिरा चढते. मग दोन्ही एकदम अंगावर येतात, तेही बहुधा दाढ काढून झाल्यावर, घरी जाताना. दुसरी गोळी द्यायची की नाही हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं. उपाशी यायचं का, किती तास, हेही आदल्या दिवशी विचारून घ्यावं, कारण गुंगी किती खोल हवी त्यावर ते ठरतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा प्रश्न चुकवू नये. उपाशी पोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर उतरते, आणि साखर उतरल्याची झापड गोळीच्या झापडीत लपून जाते.

आता घड्याळाचा दुसरा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. अल्प्राझोलाम शरीरातून निम्मं व्हायला सरासरी अकरा तास लागतात. साडेनऊला घेतलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमपैकी रात्री साडेआठला पाव मिलिग्रॅम शरीरात शिल्लक असतं, म्हणजे बाजारात मिळणारी ०.२५ची एक आख्खी गोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाही मूळ डोसाचा चौथा हिस्सा बाकी असतो. पण बाईंना मात्र दुपारी तीन-चारलाच 'आता मी एकदम ठीक' असं वाटायला लागतं. तीक्ष्ण झापड जाते, उरलेलं औषध जाणवत नाही. चोवीस तास गाडी चालवू नका असं सांगतात ते या मधल्या काळासाठी. डायझेपाम दिलं असेल तर हिशेब आणखी लांबतो, कारण ते निम्मं व्हायलाच एक ते दोन दिवस लागतात, आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं तेही गुंगी आणणारं असतं. झापड त्याआधीच उतरते हे खरं, कारण औषध रक्तातून चरबीत पसरतं, पण ते शरीराबाहेर गेलेलं नसतं.

हे चोवीस तास आपल्याकडच्या घरांत कशाकशाला लागू होतात ते नीट पाहायला हवं. फक्त मोटारसायकल नव्हे. कडबाकुट्टी, उसाच्या रसाचा चरक, पिठाची गिरणी, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर, हे सगळं यात येतं. रात्री लाइट आली म्हणून मोटार चालू करायला शेतात एकटं जाणंही येतं. गॅसवर तेल तापवणं, तान्ह्या बाळाला एकटीनं आंघोळ घालणं, सोसायटीच्या कर्जाच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही करणं हे दुसऱ्या दिवसावर ढकलावं. दारू तर अजिबात नको, कारण ती आणि ही गोळी दोन्ही श्वासाची गती मंद करतात, आणि एकत्र आल्या की परिणाम नुसत्या बेरजेवर थांबत नाही.

सोबतचा माणूस लागतो तो इथे. त्याच्याकडे दोन कामं असतात : डॉक्टर जे सांगतात ते लक्षात ठेवणं, आणि बाईंचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकतोय तेव्हा त्यांच्या वतीनं अंदाज घेणं. म्हणून नुसतं दारापर्यंत सोडायला आलेला भाचा चालत नाही. माणूस अठरा वर्षांपुढचा हवा, सांगितलेलं समजून घेईल असा हवा, आणि पूर्ण वेळ बसणारा हवा. 'मी मार्केट यार्डात जाऊन येतो, झालं की फोन करा' हे उपयोगाचं नाही. काखेत स्वतःचं लहान मूल घेऊन आलेली जाऊबाईही अवघडच, कारण ऐन वेळी तिचे दोन्ही हात मोकळे नसतात.

आणखी एक बाब लोकांच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरांनी गोळी घरून घेऊन यायला सांगितलं असेल, तर सोबतीचं काम गोळी गिळल्यापासून सुरू होतं, दाढ काढल्यापासून नाही. तासगावला गोळी घ्यायची आणि एकटीनं एसटीत बसायचं म्हणजे गोळी कवठेएकंदच्या आसपास चढायला लागणार, आणि सांगलीच्या स्टँडवर उतरताना पायरी चुकणार. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं : मी दवाखान्यात येऊन गोळी घेतली तर चालेल का? तासभर आधी पोचावं लागेल इतकंच.

डॉक्टर सूचना देतात तेव्हा सोबतच्यानं पुढे होऊन ऐकाव्यात आणि कागदावर घ्याव्यात. आपल्या उदाहरणात त्या अशा असतील : बोळा पाऊण तास दाबून धरायचा, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, आज गरम काही नको, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. दाढेच्या जागी रक्ताची गुठळी धरते, थुंकताना किंवा ओढताना ती निघून येते, आणि मग तीनचार दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. बाई या सगळ्याला 'हो हो' म्हणतील. खरंच समजलेलंही असेल. पण घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं पुसलेलं असेल, आणि पहिल्यांदा तोंडात रक्ताची चव आली की त्या थुंकायला उठतील. त्यांना थांबवणारं माणूस जवळ असेल तर गुठळी वाचते. चहाचंही तसंच. इंजेक्शनमुळे ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर असतात, त्यात गुंगी. कपातल्या वाफेचा चहा ओठ भाजेपर्यंत कळत नाही, आणि स्वतःचा ओठ चावला तरी कळत नाही.

घरी न्यायचं कसं, याला आपल्या भागात सरळ उत्तर आहे : मोटारसायकलवर मागे बसवून नव्हे. सोबतचा कितीही चांगला चालवणारा असला तरी मागच्याची पकड पेंग आली की सुटते, आणि चालवणाऱ्याला ते पडल्यावरच कळतं. वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर टेकूनही नको. रिक्षा किंवा कार बरी, एसटी असेल तर खिडकीकडची जागा आणि शेजारी सोबतचा. निघण्याआधी दवाखान्यात थोडं बसवतात, ते घाई करून टाळू नये. आडवं असलेलं माणूस एकदम उभं केलं की ब्लडप्रेशर उतरून चक्कर येते, म्हणून आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, दोन मिनिटांनी उठायचं. स्वतःचं नाव, जागा, वार नीट सांगता येतो, आधाराशिवाय सरळ चालता येतं, ओकारी नाही, मग निघायचं. आपल्या उदाहरणात बाराच्या सुमारास.

घरी आल्यावर झोप लागली तर झोपू द्यावं, पण कुशीवर, उताणं नको. उताणं झोपल्यावर सैल पडलेली जीभ मागे सरकते, आणि तोंडात रक्तमिश्रित लाळ असते ती घशाकडे जाते. उशी पातळ असावी. पहिले चार-पाच तास कुणीतरी त्याच खोलीत किंवा हाकेच्या अंतरावर असावं, आणि अर्ध्या-पाऊण तासानं नावानं हाक मारून पाहावं. डोळे उघडून 'काय?' म्हटलं तर झालं, उगाच उठवून बसवू नये. संडास-बाथरूमला जाताना सोबत जावं आणि कडी आतून लावू देऊ नये.

घोरणं ही गाढ झोपेची खूण आहे असं आपण समजतो. गोळी घेतलेल्या माणसात मोठ्यानं घोरणं म्हणजे श्वासाची वाट थोडी अडलेली आहे. आधी कुशीवर करावं, हनुवटी थोडी वर करावी. बहुतेक वेळा तेवढ्यानं आवाज थांबतो. घोरता घोरता मध्येच गप्प होऊन काही सेकंदांनी झटक्यानं श्वास घेत असेल, हाक मारून आणि खांदा हलवूनही डोळे उघडत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा घरी बोटाचा चिमटा असेल आणि आकडा नव्वदच्या खाली जात असेल, तर वाट पाहायची नाही. १०८ला फोन, आणि कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता घेतली हे सांगायचं. म्हणून गोळीची रिकामी पट्टी फेकू नये, खिशात ठेवावी. या औषधांना फ्लुमाझेनिल नावाचं उतारा-इंजेक्शन आहे, पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि गोळी त्याहून जास्त वेळ टिकते. म्हणून ते टोचल्यावर माणूस टक्क जागा झाला तरी लगेच घरी सोडत नाहीत.

असं होण्याची शक्यता कुणात जास्त, हे आधीच सांगून ठेवायचं असतं. झोपेत घोरून श्वास अडकणारे, जाड मानेचे, दम्याचा किंवा जुन्या खोकल्याचा आजार असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, साठी-पासष्टी ओलांडलेले. म्हाताऱ्या माणसाला निम्मा डोसही पुष्कळ होतो, आणि तो रात्री उठून दाराऐवजी भिंतीकडे चालायला लागतो. चालू औषधांची पिशवी तशीच उचलून डॉक्टरांपुढे ओतावी. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठीची इट्राकोनाझोल अल्प्राझोलामचं विघटन रोखतात, मग तीच गोळी जास्त जोरात आणि जास्त वेळ लागू पडते. खोकल्याचं कोडीनचं औषध, सर्दीची झोप आणणारी गोळी, आणि विशेषतः ट्रामाडॉल गुंगीत भर घालतात. संध्याकाळी दाढ ठणकायला लागली की घरातलं कुणीतरी गुडघ्यासाठी आणलेली 'जोरातली' गोळी पुढे करतं, आणि ती नेमकी ट्रामाडॉलची निघते. ती टाळावी. ठणक वाढू नये म्हणून डॉक्टरांनी लिहिलेल्या वेदनाशामकाचा पहिला डोस बधिरपणा जायच्या आतच द्यायचा असतो. तोही सोबतच्यानंच लक्षात ठेवायचा.

क्वचित कुणात उलटंच होतं. शांत व्हायच्या ऐवजी माणूस चिडतो, रडतो, बोळा ओढून काढतो. लहान मुलांत आणि म्हाताऱ्यांत हे अधिक. औषध कमी पडलं असं समजून आणखी दिलं तर ते वाढतं. शांत बोलत, धरून बसायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

एमआरआयला हेच सगळं लागू आहे, पण वेळेचा घोळ जास्त. मिरजेला किंवा साताऱ्याला नंबर अकराचा दिलेला असतो, तेवढ्यात अपघाताची केस येते आणि तुमचा नंबर एकला जातो. दहाला गोळी घेतली असेल तर तिचा जोर बाकावरच संपतो, आणि बोगद्यात जाताना भीती पुन्हा जागी होते. म्हणून टेक्निशियननं 'आता घ्या' म्हटल्याशिवाय गोळी घेऊ नये. गाढ झोप लागावी हा इथे हेतूच नाही. घोरताना आणि दचकताना कंबर हलते, चित्र धूसर येतं, पुन्हा काढावं लागतं. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की बाहेर घंटा वाजते, तो दाबण्याइतकी जाग हवीच. सोबतच्याला आत पायाशी थांबू देतात कधी कधी, पण मग त्यालाही लोखंडाचे प्रश्न विचारले जातात. पेसमेकर, शरीरातलं क्लिप किंवा छर्रा, खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, केसांतल्या पिना, सगळं. सोबतच्याला पेसमेकर आहे हे दारात कळलं तर तो आत जाऊ शकत नाही. सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो, तिथे गोळीची गरज क्वचितच पडते.

लहान मुलाला गोळीऐवजी बहुतेकदा ट्रायक्लोफॉस किंवा मिडाझोलामचं सिरप देतात, आणि डोस वजनावर ठरतो. म्हणून अंगणवाडीच्या कार्डावरचं तीन महिन्यांपूर्वीचं वजन सांगू नये, त्याच दिवशी मोजून घ्यावं. मुलानं सिरप ओकून टाकलं तर किती आत गेलं ते कुणालाच कळत नाही, त्यामुळे स्वतःहून पुन्हा पाजायचं नाही. परत नेताना मोठी माणसं दोन लागतात, एक गाडी चालवायला आणि दुसरं मुलाकडे बघत बसायला. झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकली की त्याची नाजूक श्वासनळी मुडपते, आणि पुढे बघून चालवणाऱ्या बापाला मागे मूल इतकं शांत का झालंय ते कळत नाही.

सोबतीला खरंच कुणी नसेल तर खोटं सांगू नये. 'भाऊ खाली गाडीत आहे' असं सांगून गोळी घेणारे असतात, म्हणूनच दवाखाने माणूस समोर बघितल्याशिवाय गोळी देत नाहीत. उरलेली गोळी शेजाऱ्याकडून मागून आणणं हा तर मार्गच नव्हे. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि मेडिकलवाल्याला प्रत्येक विक्री वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपावी लागते. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगावं. तारीख पुढे घेता येते. नुसत्या इंजेक्शनवर, मध्ये मध्ये थांबून, हात वर केला की थांबायचं असं ठरवूनही पुष्कळ दाढा निघतात. काही दवाखान्यांत नाकावर छोटा मास्क लावून नायट्रस ऑक्साइड देतात, ते शेवटी शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर काही मिनिटांत उतरतं. एमआरआयला रुंद तोंडाचं यंत्र कुठे आहे ते विचारता येतं. गुडघ्याचा स्कॅन असेल तर पाय आधी आत घालतात आणि डोकं बोगद्याबाहेरच राहतं. आत जायच्या आधीच डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला तर छत नाकाजवळ आलंय हे दिसत नाही, आणि बऱ्याच जणांना तेवढंही पुरतं.